सपाट प्लेट, लॅमिनार बाऊंड्री लेयर आणि क्युबिक प्रोफाइल: मोमेंटम इंटिग्रलबद्दल सारखे विचारले जाणारे प्रश्न

फ्लुइड मेकॅनिक्स शिकताना या एका गणितापाशी बरेच जण अडकतात. इंटिग्रेशन अवघड नाहीये, पण मनातून प्रोफाइल ठरवलं आणि तरी उत्तर बरोबर कसं काय आलं हेच पटत नाही. खालचे बहुतेक प्रश्न फिरून फिरून तिथेच येतात. प्लेट सपाट, फ्लो स्टेडी, बाहेरचा वेग U सगळीकडे सारखा, प्रेशर ग्रेडियंट शून्य, हे शेवटच्या दोन-तीन प्रश्नांपर्यंत धरून चला.

ब्लासियसचं एक्झॅक्ट सोल्युशन आहे ना, मग ही अंदाजपंचे पद्धत कशाला?

ब्लासियसने १९०८ मध्ये सपाट प्लेटचं उत्तर काढलं हे खरं, पण त्यात शेवटी एक तिसऱ्या ऑर्डरचं नॉनलिनिअर डिफरन्शियल इक्वेशन उरतं आणि ते हातानं सुटत नाही, आकडे न्यूमेरिकलीच काढावे लागतात. शिवाय ती युक्ती फक्त त्याच फ्लोला चालते जिथे सगळ्या x वर प्रोफाइलचा आकार तोच राहतो. फॉन कारमान आणि पोलहाउझेन यांनी १९२१ मध्ये वेगळा रस्ता घेतला, म्हणजे लेयरच्या आत प्रत्येक बिंदूवर इक्वेशन पाळलं जावं हा हट्टच सोडला आणि प्लेटपासून लेयरच्या कडेपर्यंतची बेरीज तेवढी बरोबर जमावी एवढंच मागितलं. सपाट प्लेटवर ही पद्धत वापरायचा मुख्य फायदा हाच की एक्झॅक्ट उत्तर शेजारीच आहे, त्यामुळे आपण किती चुकतोय ते लगेच कळतं.

मोमेंटम इंटिग्रल इक्वेशन नक्की काय सांगतं?

प्लेटवर एक कंट्रोल व्हॉल्यूम घ्या. लीडिंग एजपासून x पर्यंत, उंची δ, म्हणजे x ला लेयर जितकी जाड झालीये तितकी. डावीकडून सगळीकडे U वेगानं हवा आत येते, उजवीकडून प्लेटजवळ मंदावलेली हवा बाहेर जाते. आता उजवीकडून कमी हवा जातेय आणि डावीकडून जास्त आलीये, तर उरलेली कुठे गेली? वरून बाहेर गेली, आणि जाताना स्वतःबरोबर U इतका आडवा वेग घेऊन गेली. ही वरची हवा हिशोबात धरायची राहते आणि मग सगळं बिघडतं.

क्युबिकसाठी आकडेच बघा. आत येणारं मोमेंटम ρU²δ, उजवीकडून जाणारं त्याच्या १७/३५ पट. नुसती वजाबाकी केली तर १८/३५, म्हणजे ०.५१४. पण वरून जाणाऱ्या हवेनं ३/८ इतकं नेलंय, ते वजा केल्यावर उरतात ३९/२८०, म्हणजे ०.१३९. वरची बाजू विसरलात तर ड्रॅग जवळजवळ पावणेचारपट येतो, तेव्हा उत्तर असं भलतंच फुगलेलं दिसलं की आधी इथे शोधा.

हा जो उरलेला भाग आहे त्यालाच मोमेंटम थिकनेस θ म्हणतात आणि इक्वेशन एवढंसंच उरतं:

```
tau_w / (rho U^2) = d(theta)/dx
theta = ∫ (u/U)(1 - u/U) dy,   y = 0 ते delta
```

म्हणजे x पर्यंत प्लेटनं जितका ड्रॅग खाल्ला तितकी θ वाढली. इथपर्यंत काहीच अंदाज नाहीये बरं का, बाऊंड्री लेयरच्या चौकटीत हे एक्झॅक्ट आहे. अंदाज सुरू होतो तो u/U साठी काहीतरी फंक्शन लिहिल्यावर.

क्युबिकच का? आणि चार अटी कोणत्या?

η = y/δ घेऊन u/U = a + bη + cη² + dη³ लिहिलं की चार अज्ञात, म्हणून चार अटी. प्लेटवर वेग शून्य. कडेला वेग U. कडेला स्लोप शून्य, कारण बाहेरच्या फ्लोला गुळगुळीत जोडलं जायला हवं. आणि चौथी, प्लेटवर दुसरा डेरिव्हेटिव्ह शून्य. पहिलीनं a = 0, चौथीनं c = 0, आणि मग b + d = 1 आणि b + 3d = 0 यातून

```
u/U = (3/2) eta - (1/2) eta^3
```

क्युबिकमध्ये विशेष काही जादू नाहीये, ज्यात प्लेटवरची ही अटही बसते आणि कडेचा गुळगुळीतपणाही, असं सगळ्यात साधं पॉलिनॉमियल आहे एवढंच.

चौथी अट कुठून आली? ती प्लेटवरच का, कडेला दुसरा डेरिव्हेटिव्ह शून्य धरला तर?

हा माझा आवडता प्रश्न आहे, कारण बरेच जण ही अट पाठ करतात आणि ती कुठून आली ते कोणी सांगत नाही. बाऊंड्री लेयरचं x दिशेचं इक्वेशन घ्या आणि त्यात y = 0 टाका. प्लेटवर u पण शून्य आणि v पण शून्य, त्यामुळे डावीकडच्या दोन्ही टर्म गळून पडतात. उजवीकडे प्रेशर ग्रेडियंट आपण शून्य धरलाय. उरतं फक्त ν गुणिले u चा y मधला दुसरा डेरिव्हेटिव्ह, आणि तो शून्य. म्हणजे ही अट आपण सोयीसाठी लावलेली नाही, ती खुद्द इक्वेशनच सांगतंय. प्लेटला अगदी चिकटून प्रोफाइल सरळ रेषेत निघतं, वाकायला नंतर लागतं.

आता ती सोडून कडेला दुसरा डेरिव्हेटिव्ह शून्य घेतला तर काय होतं ते करून बघण्यासारखं आहे. प्रोफाइल येतं ३η − ३η² + η³. दिसायला छान, कडेला तर पहिल्यापेक्षा जास्त गुळगुळीत. पण प्लेटवरचा स्लोप दीडच्या ऐवजी तीन होतो, θ/δ येतं ३/२८, आणि फ्रिक्शन कोएफिशियंट ब्लासियसपेक्षा साधारण २१ टक्क्यांनी जास्त येतो. दोन्हीकडे क्युबिकच, दोन्हीकडे अटी चारच, फरक एवढाच की एका प्रोफाइलला प्लेटवर काय चाललंय ते माहितीये आणि दुसऱ्याला नाही. शिअर आपण प्लेटवरच मोजतो, त्यामुळे तिथली अट कडेच्या अटीपेक्षा कितीतरी महाग आहे.

θ चं इंटिग्रल माझं दर वेळी वेगळं येतं, कुठे चुकतंय?

बहुतेक वेळा वर्ग करताना मधली टर्म चुकते. f = ३/२ η − १/२ η³ चा वर्ग केला की मधे −३/२ η⁴ येतं, ते अर्धं धरलं जातं किंवा सरळ विसरलं जातं. शून्य ते एक असे तुकडे करा:

```
∫ f      = 3/4 - 1/8         = 5/8
∫ f^2    = 3/4 - 3/10 + 1/28 = 17/35
theta/delta      = 5/8 - 17/35 = 39/280 = 0.1393
delta_star/delta = 1 - 5/8     = 3/8
```

delta_star म्हणजे डिस्प्लेसमेंट थिकनेस, तिला θ नं भागलं की शेप फॅक्टर H, तो येतो २.६९. ब्लासियसचा २.५९ आहे. तुमचा H दोनच्या खाली किंवा तीनच्या वर गेला तर पुढे जाऊ नका, परत बेरीज तपासा.

पुढे δ आणि Cf कसं काढायचं?

प्लेटवरचा शिअर म्हणजे μ गुणिले तिथला स्लोप, तो ३μU/(२δ). θ च्या जागी ३९δ/२८० टाका. मग

```
(39/280) d(delta)/dx = (3/2) nu / (U delta)
delta d(delta) = (140/13) (nu/U) dx
delta^2 = (280/13) nu x / U
delta/x = 4.64 / sqrt(Re_x)
Cf      = 0.646 / sqrt(Re_x)
```

इंटिग्रेट करताना x = 0 ला δ = 0 धरलंय, म्हणजे लेयर लीडिंग एजपासूनच सुरू होते. Cf ची व्याख्या शिअर भागिले अर्धा ρU², तो अर्धा विसरला की ०.३२३ येतो, आणि मग पुस्तकाशी जुळत नाही म्हणून रडारड.

पुस्तकात δ साठी ५.० आहे, माझं ४.६४ आलं. मग ही पद्धत सात टक्के चुकली?

असं म्हणता येत नाही, कारण दोन्ही δ एकच गोष्ट मोजत नाहीयेत. ब्लासियसमध्ये लेयरला कड अशी नाहीच, वेग U च्या जवळ जवळ जात राहतो, म्हणून आपण ९९ टक्क्यांवर रेघ मारतो, ती ४.९१ वर पडते आणि पुस्तकं ती गोल करून ५ लिहितात. क्युबिकमध्ये मात्र वेग ठरावीक ठिकाणी बरोब्बर U होतो आणि संपतो. ४.६४ ला ब्लासियसचा वेग U च्या साधारण ९८.४ टक्के असतो. तेव्हा δ ची तुलना करून पद्धतीला नापास करू नका. तुलना करायचीच तर ज्यांची व्याख्या पक्की आहे त्यांची करा. डिस्प्लेसमेंट थिकनेसला क्युबिक देतं १.७४०, ब्लासियस १.७२१, फरक एक टक्क्याच्या आसपास. मोमेंटम थिकनेस आणि Cf दोन्हींना ०.६४६ विरुद्ध ०.६६४, म्हणजे पावणेतीन टक्के कमी.

अंदाजानं प्रोफाइल घेऊन Cf इतका जवळ कसा येतो? हे नशीब आहे का?

नशीब थोडं आहे, पण मुख्य कारण वेगळं आहे आणि ते एकदा दिसलं की सगळी पद्धत उलगडते. आकडे न टाकता करा. θ/δ ला α म्हणा आणि प्लेटवरच्या स्लोपला (η मधल्या) β म्हणा. वरचंच गणित अक्षरांत केलं की

```
delta/x * sqrt(Re_x) = sqrt(2 beta / alpha)
Cf      * sqrt(Re_x) = sqrt(2 alpha beta)
```

δ मध्ये भागाकार आहे आणि Cf मध्ये गुणाकार. समजा तेच प्रोफाइल ठेवून तुम्ही कड दुप्पट लांब मानली. α अर्धा होईल, कारण θ तेवढीच आहे आणि δ दुप्पट. β दुप्पट होईल, कारण η ची पट्टी ताणली गेली. गुणाकार तसाच राहिला. म्हणजे कड कुठे मानली याच्याशी Cf ला काही देणंघेणंच नाही, फक्त प्रोफाइलचा आकार मोजला जातो, आणि वर त्याचं वर्गमूळ निघतं त्यामुळे आकारात जी चूक असेल ती सुद्धा निम्मी होऊन येते. δ मध्ये मात्र सगळी अनिश्चितता साठते, म्हणून नेहमीच्या प्रोफाइलची δ ३.४६ पासून ५.८४ पर्यंत भटकते आणि Cf त्या मानानं जागेवर राहतो.

मग चौथ्या घाताचं प्रोफाइल घेतलं तर अजून अचूक येईल ना?

इथे बरेच जण फसतात. सरळ रेषा घेतली तर Cf चा आकडा ०.५७७ येतो, तेरा टक्के कमी. पॅराबोला घेतला तर ०.७३०, दहा टक्के जास्त, कारण पॅराबोला प्लेटवरच वाकलेला असतो, चौथी अट तो पाळूच शकत नाही. क्युबिक ०.६४६. आणि चौथ्या घाताचं २η − २η³ + η⁴, जे पोलहाउझेनचं, ते ०.६८५ देतं, म्हणजे तीन टक्क्यांनी जास्त. अट वाढली, मेहनत वाढली आणि चूक पावणेतीनवरून सव्वातीन झाली, फक्त बाजू बदलली. अटी वाढवत गेल्या की उत्तर ब्लासियसकडे एकेक पाऊल सरकत जातं असं काही नाहीये, कारण नवीन अट कडेला लावली गेली आणि कड ही गोष्ट मुळात आपणच आणलेली. साइन वेव्हचा चतुर्थांश घेतला तर ०.६५५ येतं, दीड टक्क्याच्या आत, आणि ते पॉलिनॉमियलही नाही. सपाट प्लेटपुरतं मला विचाराल तर क्युबिकवर थांबावं.

एक उदाहरण पूर्ण आकड्यांत द्याल का?

हवा घ्या, ν = १.५ × १०⁻⁵ मी²/से, घनता १.२ किलो प्रति घनमीटर, वेग ५ मी/से. प्लेट अर्धा मीटर लांब, ०.३ मीटर रुंद. टोकाला रेनॉल्ड्स नंबर १,६६,६६७, त्याचं वर्गमूळ ४०८.

δ = ४.६४ × ०.५ / ४०८, म्हणजे ५.७ मिलिमीटर. डिस्प्लेसमेंट थिकनेस त्याच्या ३/८, २.१ मिमी. θ ०.७९ मिमी. टोकाला Cf ०.००१५८, डायनॅमिक प्रेशर १५ पास्कल, म्हणून तिथला शिअर ०.०२४ पास्कल.

आता ड्रॅग. इथे टोकाचा शिअर घेऊन एरियानं गुणायचा मोह होतो आणि उत्तर निम्मं येतं, कारण शिअर पुढे जास्त आणि मागे कमी असतो. x च्या उलट्या वर्गमुळानुसार तो घटतो, त्याची सरासरी टोकाच्या किमतीच्या बरोब्बर दुप्पट असते. म्हणून सरासरी कोएफिशियंट ०.००३१७, आणि एका बाजूचा ड्रॅग १५ × ०.१५ × ०.००३१७ = ०.००७१ न्यूटन. ब्लासियसनं ०.००७३ येतो.

तपासायला शिअर लागतच नाही: ρU²θ गुणिले रुंदी करा. १.२ × २५ × ०.०००७९ × ०.३, परत ०.००७१. हे दोन आकडे जुळले नाहीत तर मधे कुठेतरी इंटिग्रेशन चुकलंय हे नक्की. प्लेट दोन्ही बाजूंनी ओली असेल तर शेवटी दोननं गुणा, आधी नको.

लेयरच्या कडेतून हवा आरपार जाते का? ती तर स्ट्रीमलाइन आहे ना?

नाही, कड म्हणजे स्ट्रीमलाइन नाही. लेयरमधून वाहणारी हवा ५/८ ρUδ इतकी आणि δ तर वाढतेय, म्हणजे बाहेरची हवा सतत लेयरमध्ये शिरत असते. त्याच वेळी स्ट्रीमलाइन वरही ढकलल्या जातात, कडेला उभा वेग ०.८७ U/√Re इतका येतो. आपल्या उदाहरणात टोकाला तो साधारण एक सेंटिमीटर प्रति सेकंद. स्ट्रीमलाइन वर चढतात खऱ्या, पण δ त्यांच्यापेक्षा जोरात चढते, म्हणून त्या आत सापडतात. कंट्रोल व्हॉल्यूमची वरची बाजू सपाट होती, म्हणून तिथून मात्र हवा बाहेर जात होती.

हे सूत्र कुठे कुठे वापरू नये?

लीडिंग एजच्या अगदी जवळ नको. वरच्याच उदाहरणात x = १ मिमी घेतलं तर δ येते पाव मिलिमीटर, म्हणजे x च्या चौथा हिस्सा, आणि मग लेयर पातळ आहे हे गृहीतच ढासळतं. x शून्याकडे नेला की शिअर अनंत होतो तेही त्याचंच लक्षण, पण ड्रॅगची बेरीज मात्र मर्यादित राहते म्हणून एकूण आकड्याला फारसा धक्का लागत नाही.

दुसऱ्या टोकाला ट्रान्झिशन. नेहमीचा आकडा Re ५ लाख, म्हणजे ५ मी/से ला दीड मीटर. पण तो निसर्गनियम नाही. अतिशय शांत टनेलमध्ये लॅमिनार फ्लो २८ लाखांपर्यंत टिकवून दाखवलाय, आणि पुढची कड ओबडधोबड असेल तर खूप आधीच टर्ब्युलंट होतो. प्रयोगात प्रोफाइल मोजलं असेल तर H काढा, २.६ च्या आसपास असेल तर लॅमिनार, १.४ कडे घसरला असेल तर लेयर टर्ब्युलंट झालीये आणि ०.६४६ विसरायचं.

आणि टनेलचंच अजून एक. टनेलच्या भिंतींवरही लेयर वाढते, मधली जागा थोडी आवळते, U हळूहळू वाढत जातो. प्रेशर ग्रेडियंट शून्य राहत नाही, आणि मोजलेला Cf आणि सूत्र यातला फरक कधी कधी पद्धतीचा नसून याचाच असतो.

प्रेशर ग्रेडियंट असेल तर हाच क्युबिक चालेल का?

हाच नाही. ग्रेडियंट आला की चौथी अट बदलते, प्लेटवरचा दुसरा डेरिव्हेटिव्ह शून्य न राहता Λ = (δ²/ν) dU/dx वर ठरतो. प्रोफाइल असं होतं:

```
u/U = (3/2 + L/4) eta - (L/2) eta^2 + (L/4 - 1/2) eta^3
```

इथे L म्हणजे Λ. शून्य टाका, जुनं प्रोफाइल परत येतं. Λ = −६ ला प्लेटवरचा स्लोप शून्य होतो, म्हणजे सेपरेशन. पोलहाउझेनच्या चौथ्या घातात हेच −१२ ला होतं, आणि दोन आकड्यांत दुपटीचा फरक बघून घाबरू नका, δ दोन्हीकडे वेगळी आहे आणि Λ मध्ये तिचा वर्ग बसलाय. तरीही मंदावणाऱ्या फ्लोमध्ये सेपरेशनची जागा या पद्धतीनं भरवशाची येत नाही. सपाट प्लेटवर जो गुणाकार आपल्याला वाचवत होता त्यात δ गळून जात होती, इथे ती Λ मधून परत आत शिरते.

हीट ट्रान्सफरमध्ये हाच क्युबिक घेऊन ०.३३२ अगदी ब्लासियसवालाच आकडा येतो, तिथे चूक कुठे गेली?

तिथे दोन चुका एकमेकींना खातात. तापमानालाही तसाच क्युबिक घेतला की थर्मल आणि व्हेलॉसिटी लेयरच्या जाडीचं गुणोत्तर ζ येतं, आणि इंटिग्रलमध्ये ३/२० ζ² − ३/२८० ζ⁴ अशी टर्म येते. दुसरी लहान म्हणून सोडून देतात. प्रांटल नंबर १ असताना ती न सोडता केलं तर ζ = १ येतो, दोन्हींची मिळून किंमत बरोब्बर ३९/२८० होते, आणि नुसेल्टचा आकडा ०.३२३, म्हणजे ०.६४६ चा अर्धा, जो यायलाच हवा. ती टर्म सोडली की ζ³ = १३/१४ येतो, थर्मल लेयर अडीच टक्के पातळ होते आणि ०.३२३ चा ०.३३१ होतो, पुस्तकं तो ०.३३२ लिहितात. क्युबिक पावणेतीन टक्के कमी देत होता, टर्म सोडल्यानं जवळपास तेवढेच परत मिळाले. म्हणून हीट ट्रान्सफरच्या ०.३३२ कडे बोट दाखवून क्युबिक एक्झॅक्ट आहे असं व्हायवात सांगू नका, समोरच्यानं ती ζ⁴ ची टर्म विचारली तर पंचाईत होईल.